पाहुणे आठला, तंदूर दहाला

धुळ्यात राहणाऱ्या माणसाने घरी तंदूर आणावा, याला खरं म्हणजे एकही कारण नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग आमच्या गावाशी एकमेकांना छेदतात. गावाबाहेर कुठल्याही दिशेला गाडी काढली की पहिला ढाबा लागेपर्यंत भूकसुद्धा नीट लागत नाही. तिथे शेवभाजी सांगावी, तर भाजीच्या आधी रोट्या येतात. बरं, घरात तापलेल्या मातीवर भाजण्याची हौस असेल, तर खानदेशात त्याचीही सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, खाली जाळ आणि वर हातावर फिरवून मोठे केलेले पुरणाचे मांडे. आमच्या आईने उभ्या आयुष्यात असे किती मांडे केले, याची गणती नाही.

तरीही मी तंदूर आणला. कारण एवढंच की एका लग्नात जेवता जेवता मी दाजींना म्हणालो होतो, "तंदुरी रोटीत काय आहे एवढं? घरीसुद्धा होते." दाजी चाळीसगावचे. ते वाद घालत नाहीत, तारीख मागतात. त्यांनी तारीख मागितली आणि मी ती दिली.

तंदूर आला तो लोखंडी ड्रममध्ये बसवलेला. दोन फूट उंच, तोंड साधारण जेवणाच्या ताटाएवढं, आत मातीचा घडा, घडा आणि ड्रमच्या मध्ये उष्णता धरून ठेवायला भरलेली भर, आणि तळाशी राख काढायला व हवा घ्यायला एक चौकोनी भोक. या भोकाबद्दल पुढे बोलायचं आहे. सोबत दोन लांब सळया होत्या, एकीचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं आणि दुसरीचं चपटं. रोटी लावायची कापडी गद्दीही होती. गद्दी पाहून आईने विचारलं, ही बसायला आहे का. मी म्हणालो, हिच्यावर रोटी पसरून आतल्या भिंतीला थापतात. आईने गद्दीकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

नवा तंदूर थेट पेटवायचा नसतो, एवढं मला ठाऊक होतं. कोऱ्या मातीत ओल असते. एकदम जाळ केला की तिची वाफ होते, वाट मिळेल तिथून फुटते आणि घड्याला तडा जातो. म्हणून आधी आतून लेप द्यायचा. पालक वाटून, त्यात सरसोचं तेल, गूळ, हळद, मीठ आणि ताक घालून. तो वाळला की मूठभर कोळशाचा मंद विस्तव करायचा, विझू द्यायचा, दुसऱ्या दिवशी थोडा वाढवायचा. हे सगळं मी अगदी निष्ठेने केलं. गच्चीवर बसून तंदुराला आतून लेप चोळत होतो, तेव्हा आई जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "याले गूळ-तेल, आन माले गोळ्या!"

लेपाच्या जाळानंतर आतल्या भिंतीवर केसासारख्या बारीक रेघा उमटल्या. माझा जीव खाली-वर झाला. मी त्या बुजवायला माती कालवायला घेतली, पण त्याची काही गरज नव्हती. तंदूर तापला की अशा रेघा पडतातच. आरपार गेलेला, नख अडकेल असा तडा पडला तरच काळजी करायची. कालवलेल्या मातीचं मी तुळशीच्या कुंडीला लिंपण केलं. त्या सगळ्या दिवसांतलं ते एक काम निर्विवाद चांगलं झालं.

ठरलेल्या रविवारी पाहुण्यांना आठची वेळ दिली होती. मी ऐकलेला हिशोब असा की घरगुती तंदूर पाऊण तासात तयार होतो. म्हणून सव्वासातला पेटवायचा, आठला पहिली रोटी. कोळसा इस्त्रीवाल्याला विचारून वखारीतून आणला होता, बाभळीचा, ढेकळांचा. त्यातला तीन किलो तंदुरात ओतला.

वारं सुटलं होतं, म्हणून मी जाहीर केलं की तंदूर गॅलरीत घेऊ आणि काचा लावून घेऊ. इथे आमच्या सौभाग्यवतींनी हस्तक्षेप केला, आणि हा लेख लिहायला मी शिल्लक आहे तो त्यामुळे. कोळशाचा धूर डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो निर्धोक वाटतो. प्रत्यक्षात पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते आणि गुंगी आलेल्या माणसाला उठून खिडकी उघडण्याचं भान राहत नाही. थंडीत शेगडी घेऊन दार लावून झोपलेल्यांच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतोच. तंदूर उघड्यावरच पेटवायचा, वारा असो की नसो. तेव्हा गच्ची ठरली.

गच्चीवर मी तो कठड्याला अगदी चिकटवून ठेवला, वाऱ्याचा आडोसा म्हणून. ठेवताना तळाचं भोक कठड्याच्या बाजूला गेलं. वरून कागद, चिपाट्या, पेटता कापूर, सगळं टाकलं. कागद जळाला, कापूर जळाला, कोळसा मात्र जसाच्या तसा. वरून पुठ्ठ्याने वारा घातला, तर धूर सरळ माझ्या तोंडात. तंदुराची हवा खालून आत येते आणि तोंडातून वर जाते. खालचं भोक बंद असेल, तर वरून कितीही वारा घाला, निखारा धरत नाही. हे मला भाच्याने सांगितलं. तो अभियांत्रिकीला आहे. "मामा, याचं नाक भिंतीला लागलंय," एवढंच तो म्हणाला. मग दोघांनी मिळून ड्रम फिरवला. पुढच्या पाच मिनिटांत कोळसा तडतडायला लागला, पण त्या खटाटोपात साडेसात वाजून गेले होते.

आठला पाहुणे आले तेव्हा कोळसा लाल झालेला होता. आत पाहिलं तर अंगारच अंगार. मला वाटलं, झालं. भिंत मात्र वरपासून खालपर्यंत काळीकुट्ट होती, चिपाट्यांची आणि लेपाच्या तेलाची काजळी. तंदुराची सगळ्यात सोपी खूण हीच आहे आणि नेमकी तिच्याकडेच मी पाहिलं नाही. सुरुवातीच्या जाळाने भिंत काळी होते. ती पुरेशी तापली की काजळी स्वतःच जळून जाते आणि माती पुन्हा पांढुरकी, राखाडी दिसायला लागते. भिंत काळी आहे तोवर रोटीचा विचारही करायचा नाही. मी त्या काळ्या भिंतीकडे पाहून म्हणालो, "पहा दाजी, कशी धग धरलीय!"

दाजी म्हणाले, "तापमान किती?"

शास्त्रीय प्रश्न होता. मी करोनाच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची तापमापकाची बंदूक घेऊन आलो आणि तंदुराच्या तोंडात धरली. पडद्यावर Hi अशी दोन अक्षरं आली. ती बंदूक माणसाचा ताप मोजते. साधारण त्रेचाळीसच्या वर गेलं की ती आकडा सोडते आणि 'फार जास्त' एवढंच कळवते. दाजींनी तंदुराला उलटा नमस्कार केला. भाच्याच्या मित्राकडे कारखान्यात वापरतात तशी बंदूक होती, ती मोटरसायकलवर जाऊन आणली. तिने भिंतीचा आकडा दाखवला ३१०. तंदुरी रोटीला भिंत अडीचशे ते तीनशे अंशांच्या आसपास लागते, हे मला पाठ होतं. काजळी गेलेली नव्हती, पण यंत्र म्हणतंय म्हटल्यावर काजळीला कोण विचारतो?

पहिली रोटी मी गद्दीवर पसरली, पाठीला पाण्याचा हात लावला, हाताला कोपरापर्यंत ओला पंचा गुंडाळला आणि तंदुरात हात घालून थापली. चिकटली! ताईने मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली. वीसला फुगे आले, चाळीसला त्यांच्यावर तपकिरी डाग आले, साठाच्या आधीच कडा सुटायला लागल्या. सळ्यांनी काढली. खाली खमंग, वर टम्म. गच्चीवर टाळ्या झाल्या. मी दाजींकडे पाहिलं. दाजी रोटीकडे पाहत होते. आयुष्यात असे क्षण थोडे येतात आणि ते कुठे थांबवावेत हे कळणारी माणसं त्याहून थोडी.

दुसरी रोटी मी त्याच जागी लावली. ती दहा सेकंद भिंतीला धरून राहिली, मग वरून सुटली, घडी पडली आणि अलगद निखाऱ्यात गेली. तिसरी बाजूला लावली, तीही गेली. चौथी जाताना मी तिला सळीने अडवायला गेलो. ती निम्मी सळीवर राहिली, निम्मी खाली गेली. एव्हाना जळक्या पिठाचा वास खालच्या मजल्यापर्यंत पोचला होता आणि शेजारचे अप्पा काही पेटलंय का म्हणून वर येऊन गेले.

बंदूक तर अजूनही तीनशेच्या जवळपास दाखवत होती. मग रोटी पडते का? याचं उत्तर दोघांकडून आलं, एकदा अहिराणीत आणि एकदा अभियांत्रिकीच्या भाषेत. आई खुर्चीवरून म्हणाली, "खापर आजून तापनं नही. नुस्तं तोंड तापनं!" भाच्याने तेच लांबवून सांगितलं. बंदूक भिंतीचा नुसता पृष्ठभाग पाहते. निखाऱ्यांच्या समोर तो लवकर तापतो, पण त्याच्यामागे तीन सेंटीमीटर माती आहे आणि मातीतून उष्णता फार सावकाश पुढे सरकते. तेवढी जाडी ओलांडायलाच तिला अर्धा तास लागतो. आणि जाडी दुप्पट केली, तर वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. म्हणून ढाब्यावरच्या जाड भट्टीला दीड-दोन तास लागतात आणि म्हणूनच ढाबेवाला ती दिवसभर विझू देत नाही. माझ्या भिंतीने वरवरची सगळी धग पहिल्या रोटीला देऊन टाकली. मागून भरपाई करायला आतली माती गार होती. रोटीच्या पाठीचं ओलं पीठ भिंतीला लागताक्षणी शिजून सुकलं तरच ते धरून ठेवतं. भिंत गार पडली की ते ओलंच राहतं आणि रोटी आपल्याच वजनाने घसरते.

याची खूणही हातात आलेल्या अर्ध्या रोटीवर स्पष्ट दिसत होती. तोंडाकडून ती डागलेली होती आणि पाठीकडून कच्ची, चिकट. तंदुरात रोटी दोन बाजूंनी भाजते, पाठ भिंतीने आणि तोंड निखाऱ्यांच्या झळीने. तोंड भाजलं नि पाठ कच्ची, तर निखारे जोरात आहेत पण भिंत तयार नाही. पाठ करपली आणि तोंड पांढरं राहिलं, तर भिंत तापलेली आहे पण निखाऱ्यांवर राख चढली आहे. पडलेली रोटी फेकण्याआधी उलटून पाहावी. तंदुराबद्दल ती जेवढं सांगते, तेवढं बंदूक सांगत नाही.

मग थांबायचं ठरलं. पण थांबणं हे माझ्या प्रकृतीला मानवत नाही. मी आणखी कोळसा घातला, खालचं भोक पूर्ण उघडं ठेवलं आणि वर झाकण फटीपुरतं सरकवून धग कोंडली. वाजले होते नऊ. खाली स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. ही बाई न विचारता भात लावते, म्हणजे तिचा नवऱ्यावर विश्वास उरलेला नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

साडेनऊला झाकण काढलं तर भिंत पांढरीफटक. काजळीचा मागमूस नाही. मी विजयी मुद्रेने रोटी थापली आणि हात बाहेर काढेपर्यंत मनगटावरचे केस गेले. ओला पंचा मी दुसऱ्यांदा ओला करायला विसरलो होतो. रोटी मात्र चिकटली, ती चिकटलीच. ताई पंचवीसपर्यंत पोचली तोवर तिची पाठ कोळसा झाली होती. मधला भाग कच्चा. बंदूक चारशेच्या पुढे. आता भिंत इतकी तापली होती की रोटी शिजायच्या आधी जळत होती.

आई तेव्हा उठली. तिने वाटीत पाणी घेतलं, त्यात मीठ ढवळलं, बोटांनी भिंतीवर शिंतोडे मारले. खापर तापलं की नाही हे ती पाण्याच्या थेंबानेच पाहत आली आहे. खापर पातळ, जाळ पलीकडच्या बाजूने, म्हणून ते चटकन तापतं. तंदुराला तिची मिनिटं लागू पडत नाहीत, पण तिचा थेंब लागू पडतो. भिंत गार असेल तर पाणी मातीत मुरतं आणि काळपट डाग राहतो. बरोबर असेल तर थेंब चर्रकन उडतो आणि मागे मिठाचा पांढरा ठिपका राहतो. फार तापलेली असेल तर मिठाच्या पाण्याचा ओझरता हात फिरवून ती जराशी उतरवताही येते. शिंतोडेच हं, तांब्या नव्हे. तापलेल्या मातीवर गार पाणी ओतलं तर घडा फुटतो. हे आईने वेळेवर ओरडून सांगितलं, कारण माझ्या हातात तांब्या होता.

तिने खालचं भोक विटेच्या तुकड्याने अर्धं बंद करायला लावलं, निखारे मधे होते ते सळीने कडेला सारखे पसरायला लावले आणि झाकण काढून ठेवलं. "आते थांब ना जरासा." पंधरा-वीस मिनिटं आम्ही तंदुराभोवती नुसते उभे होतो. खरं सांगायचं तर तंदूर म्हणजे हा एवढाच भाग आहे. आधी माती पूर्ण तापेपर्यंत वाट पाहायची आणि मग तापलेली माती सगळीकडे सारखी होईपर्यंत वाट पाहायची. मधल्या काळात काही करायचं नसतं, आणि माझ्यासारखा माणूस नेमका त्याच काळात काहीतरी करतो.

दहा वाजता भिंत २८० वर आली. शिंतोडा चर्रकन उडाला. रोटी घड्याच्या पोटाला, मध्यावर लावली. वर तोंडाशी भिंत गार असते, खाली निखाऱ्यांशी करपते. ताईने मोजलं, पासष्ट. पुढची सत्तर. जरा जाड लाटलेली होती, ती ऐंशीच्या पुढे गेली. एकही पडली नाही. एकामागून एक निघत होत्या आणि भिंतीचा आकडा जागचा हलत नव्हता, कारण आता मागची माती पुरवठा करत होती. अशा अवस्थेतला तंदूर तासभर तरी रोट्या देत राहतो.

अडचण एवढीच होती की खाली सगळ्यांची जेवणं झाली होती. ताईने पीठ मोजून मळलेलं, त्यातलं बरंचसं निखाऱ्यात गेलेलं. तयार तंदुरातून निघालेल्या रोट्या मोजक्याच, आणि त्या दाजींनी भात खाल्ल्यावर, नुसत्या, तुपाशी खाल्ल्या. मी विचारलं, कशा झाल्यात? म्हणाले, "रोटी चांगली आहे. फक्त उद्याची आहे."

खालचं भोक आणि वरचं तोंड दोन्ही बंद केलं, म्हणजे हवा तुटून कोळसा आपोआप विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी चालतो. सकाळी झाकण काढलं तर आत अजून ऊब होती. पाहुणे निघण्याआधी आईने राखेखालची धग फुंकर घालून जागी केली, मूठभर कोळसा वाढवला आणि सळीला टोचून भरिताची वांगी आत सोडली. आमच्याकडे वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, त्या धुराची चव तंदुराला येणार नाही. पण साल सुटली आणि गर लोण्यासारखा निघाला. दाजींनी त्या भरिताची जेवढी तारीफ केली, तेवढी रोटीची केली नाही.

हिशोब केला तर तीन-साडेतीन किलो कोळसा आणि अडीच तास, एवढ्याशा रोट्यांसाठी. यातला बहुतेक खर्च रोटीवर होतच नाही, माती तापवण्यावर होतो. एकदा ती तापली की दहा रोट्या काढा नाहीतर पन्नास, कोळशात फारसा फरक पडत नाही. पंजाबातल्या गावांमध्ये सांझा चूल्हा असतो, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक तंदूर. बायका आपापलं मळलेलं पीठ घेऊन येतात आणि रोट्या भाजून नेतात. एका घरासाठी तंदूर पेटवणं परवडत नाही, हे त्यांना कधीच कळलेलं आहे.

तेव्हा आमच्या देवपुरातल्या शेजाऱ्यांना विनंती अशी. यापुढे तंदूर पेटेल तो रविवारी संध्याकाळी सहाला आणि पहिली रोटी लागेल साडेसातनंतर, भिंत पांढरी झाल्यावर. कोळसा माझा, जागा माझी, शिंतोडे आईचे. आपापली कणीक जरा सैल मळून, अर्धा तास झाकून ठेवून आणा. भूक लागली म्हणून लवकर येऊ नका. आणि मी मधेच झाकण उघडून आत काही घालताना दिसलो, तर माझ्या हातातली सळी काढून घ्या.